दूध उतू जातं आणि बुडालाही लागतं? आधी पातेल्याचा तळ बघा

गेल्या उन्हाळ्यात मी साताऱ्याहून चार दिवस भाचीकडे सांगलीला राहायला गेले होते. दारात चपला काढतेय तोवर आतून 'गेलं, गेलं!' असा ओरडा आला आणि पाठोपाठ करपल्याचा वास. तिच्याकडे रोज सकाळी दोन लिटर म्हशीच्या दुधाचा रतीब आहे. चहा झाल्यावर तिनं तिची तक्रार सांगितली. "मावशी, गॅस मोठा ठेवला की उतू जातं, म्हणून बारीक करते. बारीक केला की बुडाला लागतं. ह्या दुधवाल्याच्या दुधातच काहीतरी खोट आहे."

आपल्याकडे पहिला संशय दुधवाल्यावर जातो. मी तिला म्हटलं, थांब, ते करपलेलं पातेलं अजून घासू नकोस, मला बघू दे.

पातेलं रिकामं करून उजेडात धरलं. तळाला तपकिरी डाग होता, पण सगळीकडे नव्हता. अर्धचंद्रासारखा, एकाच बाजूला, आणि तिथे जवळजवळ काळा. उरलेला तळ साधारण स्वच्छ. तो अर्धचंद्र बघितला आणि दुधवाला सुटला. दूधच खराब असतं तर तळ सगळीकडे सारखा धरला असता. एका बाजूलाच धरतो, म्हणजे आच एका बाजूलाच लागतेय.

मग गॅस पेटवून बर्नर पाहिला. भिंतीकडच्या बाजूची ज्योत नीट निळी, आणि ओट्याच्या कडेकडची जवळपास नव्हतीच. बर्नरची झाकणी उचलून बघते तर त्या बाजूची भोकं जळक्या दुधानं बुजलेली. महिनाभर उतू गेलेलं दूध तिथं जाऊन बसलं होतं. म्हणजे झालं असं, की दूध उतू गेलं, त्यानं बर्नरची अर्धी भोकं बुजली, उरलेल्या भोकांतून सगळा गॅस एकाच बाजूला पेटायला लागला आणि त्या बाजूला दूध लागायला लागलं. तिच्या दोन तक्रारी नव्हत्याच, एकीच्या पोटात दुसरी होती.

तळावरच्या डागाचा आकार बघायची सवय लावून घ्यावी, फार उपयोगी पडते. गोल कडं उमटलं असेल तर ते बर्नरच्या ज्योतीचं कडं आहे: पातेल्याचा पत्रा पातळ आणि आच मोठी. एकाच बाजूला डाग असेल तर बर्नर तरी बुजलाय, नाहीतर पातेलं कलतं बसतंय. डाग तळाला नसून दुधाच्या वरच्या रेषेशी, पातेल्याच्या आतल्या अंगाला असेल तर ज्योत तळाबाहेर येऊन बाजूनं वर चढतेय. आणि सगळा तळ एकसारखा धरला असेल तर दोनच शक्यता: दूध न ढवळता फार वेळ आचेवर राहिलं, किंवा दूध किंचित आंबुस होतं.

बर्नर साफ करणं हे पहिलं काम. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, बर्नर पूर्ण गार होऊ द्यायचा, झाकणी काढून कढत साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजत घालायची, मग जुन्या टूथब्रशनं घासून एकेक भोक बारीक तारेनं मोकळं करायचं. नंतर अगदी कोरडी करून बसवायची, ओली ठेवली तर ज्योत फडफडते. भाची हे काम टाळत आली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं ते मेकॅनिकचं काम." एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नये. उतू गेलेल्या दुधानं ज्योत विझली आणि नॉब तसाच चालू राहिला तर गॅस सुटत राहतो. वास आला तर आधी नॉब बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, ओटा नंतर पुसा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बाकी काहीच बदललं नाही. तेच पातेलं, तेच दोन लिटर, फक्त बर्नर साफ. अर्धचंद्र गेला. त्याच्या जागी फिकट तपकिरी गोल कडं आलं. आणि दूध उतू गेलंच.

उतू का जातं ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. पाण्याला उकळी फुटते तेव्हा बुडबुडा वर येतो आणि फुटतो, विषय संपला. दुधात प्रथिनं असतात, ती बुडबुड्याभोवती चिवट पापुद्रा धरतात, त्यामुळे बुडबुडा वर येऊन फुटत नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. त्यात वरून साय धरायला लागलेली असते, तिचं झाकणच होतं. खाली वाफ तयार होतेय आणि वर तिला वाट नाही. एक चहाचा चमचा पाणी, म्हणजे ५ मिली, त्याची वाफ झाली की ती ८ लिटरच्या आसपास जागा मागते. आता विचार करा, दोन लिटर दुधातलं चमचाभर पाणी एकदम वाफ झालं आणि ती फेसात अडकली, तर पातेल्यात किती जागा हवी. म्हणूनच ते दहा मिनिटं गुपचूप बसलेलं असतं आणि आपण पाठ फिरवली की चार सेकंदांत वर येतं.

आपल्याकडे रथसप्तमीला अंगणात शेणी पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात ना, तिथे हीच गोष्ट उलट बाजूनं दिसते. बोळकं लहान, तोंड अरुंद, दूध काठोकाठ. उतू जायला वेळच लागत नाही. फेसाला पसरायला जागा नाही म्हटल्यावर तो वरच चढणार. कुठलं भांडं दुधाला नको, हे त्या बोळक्यावरून कळतं.

भाचीचं पातेलं २० सेंटीमीटर रुंद, काठोकाठ अडीच लिटरचं. त्यात दोन लिटर दूध घातलं की वर जेमतेम दीड सेंटीमीटर जागा उरते. बोटाचं एक पेरसुद्धा नाही. मी माळ्यावरचं तिच्या सासूबाईंचं चार लिटरचं, जाड बुडाचं, जरा रुंद पातेलं काढायला लावलं. त्यात तेवढंच दूध अर्ध्यावर येतं, वर पाच सेंटीमीटर मोकळे राहतात. तीन बोटं आडवी धरून बघा, तेवढी जागा दुधाच्या वर राहिलीच पाहिजे. माझ्या मते दूध उतू न जाण्याचा निम्म्याहून जास्त हिशेब इथेच मिटतो, आणि लोक मात्र चमच्याच्या युक्त्या शोधत बसतात.

तिसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात दूध उतू गेलं नाही. तळाचं कडं मात्र, फिकट का होईना, अजून होतं. त्यासाठी आच आणि ढवळणं या दोन्हीकडे बघावं लागलं.

बुडाला नेमकं काय लागतं? पनीर फाडल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यात जी प्रथिनं असतात, ती दूध साधारण ७० अंशांच्या पुढे तापलं की उलगडतात आणि चिकट होतात. तापलेल्या धातूला ती पहिली धरतात, त्यांच्यासोबत दुधातला कॅल्शियमही बसतो. हा पहिला पांढुरका थर करपलेला नसतो, बोटानं पुसला जातो. पण तो बसला की खालचा पत्रा आणि वरचं दूध यांच्यामध्ये पडदा तयार होतो. दूध पत्र्याला गार ठेवू शकत नाही, पत्रा आणखी तापतो आणि त्या थरातली साखर नि प्रथिनं तपकिरी व्हायला लागतात. साताऱ्याचा कंदी पेढा खवा भाजून जो रंग आणि वास मिळवतो, तो याच जातीचा, फरक इतकाच की तिथला कारागीर खुरपणं क्षणभर थांबवत नाही. पातेल्यात आपण थांबतो म्हणून तिथे पेढा न होता करपट होतो.

यावरून एक सोय कळते. दूध गार असताना तिथे उभं राहायची गरज नाही. ७० अंशांच्या खाली फारसं काही धरत नाही. आणि घरात कोण थर्मामीटर घेऊन बसतं? खूण सोपी आहे: दुधावरून वाफ दिसायला लागली, कडेला मोत्याएवढे बुडबुडे जमायला लागले, की तुमची पाळी. त्याआधी पोळ्यांची कणीक मळा, भाजी चिरा.

आता चौथ्या दिवशी काय केलं ते सलग सांगते. पातेलं पाण्यानं विसळलं आणि पुसलं नाही, तळाला दोन चमचे पाणी राहू दिलं. त्यावर निरसं दूध गाळून ओतलं. या पाण्याच्या युक्तीचं कौतुक जरा जास्तच होतं. कोरड्या पातेल्याच्या अंगावर दुधाचे ओघळ सुकून करपू नयेत एवढ्यापुरतं ती कामाची, दूध तापायच्या आत ते पाणी दुधात मिसळून गेलेलं असतं. करावी, पण तिच्या भरवशावर बाहेर जाऊ नये. तापत्या पातेल्यात फ्रीजमधलं गार दूध ओतणं मात्र वाईट, तेव्हा भांडं आधीच तापलेलं असतं आणि पहिलाच थर धरतो.

मग मध्यम बर्नर, ज्योत पातेल्याच्या तळाच्या आत. मोठ्या बर्नरवर दोन लिटर सहा-सात मिनिटांत वर येतं, असं बारा मिनिटं घेतं. ती पाच मिनिटं वाचवायला जाऊन भाची रोज वीस मिनिटं घासत होती. वाफ दिसल्यावर ढवळायला घेतलं, पण चमच्यानं नव्हे. चमच्याचं टोक तळाला एका ठिकाणी टेकतं आणि दूध नुसतं वर फिरतं. सपाट टोकाचं लाकडी उलथनं घ्यायचं आणि तळावरून खरवडल्यासारखं ओढायचं, मध्यावरून कडेला, मग कडेनं गोल. दर मिनिटाला एवढं केलं तरी पुरे. उलथनं सरकताना तळ गुळगुळीत लागला पाहिजे. कुठे खरखरीत लागलं तर तिथे धरायला लागलंय, लगेच आच कमी करायची, पण ती खरवड जोरानं खरडून दुधात मिसळायची नाही.

कडेनं फेस आत सरकायला लागला आणि मधली साय फुगली की गॅस बारीक. इथे गडबड अशी होते की लोक दूध वर आल्यावर गॅस बंद करायला धावतात. जाड बुडाच्या पातेल्यात साठलेली उष्णता गॅस बंद केल्यावरही काही सेकंद उकळी चालू ठेवते, आणि दूध बंद गॅसवर उतू जातं. म्हणून फेस आत सरकतानाच आच उतरवायची, आणि साय उलथन्यानं एकदा दुभंगून टाकायची म्हणजे वाफेला वाट मिळते. मग लांब दांड्याची पळी पातेल्यात उभी ठेवून दोन-तीन मिनिटं मंद उकळी. निरशा दुधाला एवढं बस. पिशवीचं दूध आधीच पाश्चराइज्ड असतं, त्याला एक उकळी आली की खाली उतरवलं तरी चालतं. विनाकारण पाच-सात मिनिटं उकळत ठेवलं तर बुड धरण्यापलीकडे काही पदरात पडत नाही.

आडव्या लाकडी चमच्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पातेल्यावर चमचा आडवा ठेवला की वर आलेला फेस त्याच्या कोरड्या, गार लाकडाला लागून फुटतो. मध्यम आचेवर ती मिनिटभर वेळ मिळवून देते. मोठ्या आचेवर लाकूड तापतं, ओलं होतं आणि मग फेस त्याला न जुमानता दोन्ही बाजूंनी बाहेर जातो. काठाला तूप लावण्याचंही तसंच, फेस तिथे थोडा मोडतो, पण खालून रेटा मोठा असला तर तूपही वाहून जातं. तळाशी उपडी बशी ठेवली की तिच्याखाली वाफ साठून मोठा बुडबुडा सुटतो, दूध हलतं, खडखड आवाज येतो आणि आपण स्वयंपाकघराबाहेर असलो तरी कान उभे राहतात. या तिन्हींत मला ती बशी बरी वाटते, आवाजासाठी. ऐनवेळी काहीच हाताशी नसेल तर फेसावर गार पाण्याचा हबका मारायचा, तो बसतो. झाकण घट्ट लावून दूध तापवणं एवढं मात्र कधीच करू नये.

ज्यांना उभं राहणं शक्यच नाही त्यांनी दुहेरी भिंतीचा शिट्टीवाला मिल्क कुकर घ्यावा. त्याच्या दोन भिंतींत पाणी असतं, दूध ज्योतीशी थेट येत नाही, त्यामुळे करपत नाही आणि उतूही जात नाही. वेळ जास्त लागतो, आणि भिंतीतलं पाणी संपलं तर तो जळतो. पाणी भरायची आठवण राहणाऱ्यांसाठीच तो आहे.

राहिली साय. भाचीच्या घरात यावरून रोजची कुरबुर. मुलाला दुधात साईचा तुकडा तोंडात आला की दूध ठेवून उठतो, आणि सासूबाईंना तुपासाठी जाड साय हवी. साय धरते कारण गरम दुधाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि तिथली प्रथिनं नि स्निग्धांश दाटून पापुद्रा होतो. हलवत राहिलं तर पापुद्रा जुळत नाही, आणि लवकर गार झालं तर त्याला वेळच मिळत नाही. मी दोघांचं भांडण असं मिटवलं: दोन-तीन मिनिटांची मंद उकळी झाली की मुलासाठी आणि चहासाठी अर्धा लिटर वेगळ्या भांड्यात काढायचं, ते परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवायचं आणि दर दोन मिनिटांनी ढवळायचं. पाणी कोमट झालं की बदलायचं. पाऊण तासाच्या चहापाण्याच्या गडबडीत हे जमतं, आणि कोमट झाल्यावर फ्रीजमध्ये टाकलं की त्याच्यावर साय अशी धरतच नाही. घाई असेल तर दोन भांड्यांत उंचावरून चार वेळा खालीवर करायचं, तरीही प्यायच्या वेळी गाळणीतून घेणं सर्वात खात्रीचं. उरलेलं दीड लिटर त्याच पातेल्यात, वर जाळी ठेवून, न हलवता गार होऊ द्यायचं आणि मग फ्रीजमध्ये. सकाळी साय चमच्यानं अख्खी उचलता येते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मात्र दूध ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये.

उन्हाळ्यावरून आठवलं. तळ सगळा एकसारखा धरायला लागला आणि बर्नर, पातेलं, आच सगळं ठीक असेल, तर दूध आंबुस असण्याचा संशय घ्यावा. संध्याकाळचं उरलेलं दूध सकाळच्या ताज्यात मिसळून तापवलं की हे हटकून होतं. किंचित आंबटपणानंही प्रथिनं लवकर गठ्ठा धरतात, आधी बुड धरतं, पुढच्या पायरीला दूध नासतं. शंका असेल तर दोन चमचे दूध लहान वाटीत वेगळं उकळून बघायचं, तिथे दाणे आले तर सगळं पातेलं वाचलं. दूध संकलन केंद्रातही उकळून नासतं का, हे असंच पाहतात.

आणि लागलंच तर? ढवळायचं नाही, हे पहिलं. गॅस बंद करून वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, तळाचं वाटीभर तिथेच सोडून द्यायचं. करपट वास तळाच्या थरात असतो, खरडलं की तो सगळीकडे जातो आणि मग वेलदोडा घाला, जायफळ घाला, जात नाही. असं दूध विरजायला घेऊ नये, वास दह्यातही उतरतो. पातेल्यात बोटभर पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळायचं, गार होऊ द्यायचं, मग लाकडी उलथन्यानं थर सुटा होतो. हे स्टीलसाठी; ॲल्युमिनियमचं भांडं सोड्यानं काळं पडतं, तिथे नुसतं कढत पाणी आणि रात्रभर भिजवणं. तारेच्या घासणीनं खसाखसा घासू नये. चरे पडले की दुधाला धरायला जागा मिळते आणि पुढचं दूध त्याच चऱ्यांत लागतं.

परवा भाचीचा फोन आला होता. दूध पंधरा दिवसांत एकदाच उतू गेलं, ते माझ्याशीच बोलताना. बर्नर त्याच दुपारी उघडून साफ केला म्हणाली.